साडेतीन तास, साडेचार तास

2023 च्या ऑगस्टमध्ये ती नेदरलँड्सला गेली, तेव्हा आमची ओळख फार तर एका हंगामाची होती. आमची द्राक्षबाग नाशिकजवळ मखमलाबादला आहे. माल काढणीला आला की निर्यातदाराच्या पॅकहाउसची माणसं येतात, मण्याची जाडी मोजतात, गोडी बघतात. त्यांच्यात ती होती. ओळख बागेत झाली, मग फोनवर बोलणं सुरू झालं, उन्हाळ्यात गंगापूर रोडला चहा, एकदोनदा सोमेश्वर. तेवढ्यात तिचा वॅगनिंगन विद्यापीठात फूड टेक्नॉलॉजीच्या मास्टर्सला प्रवेश पक्का झाला. कोर्स दोन वर्षांचा.

लग्न ठरलेलं जोडपं लांब राहतं तेव्हा त्यांच्यामागे घरं असतात, दिलेला शब्द असतो. आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. घरी कोणाला माहीत नव्हतं. एकमेकांना आम्ही काय लागतो हेही बोलून झालेलं नव्हतं. अशा वेळी मित्र दोन टोकांचे सल्ले देतात. एक म्हणतो, जाण्याआधी काय ते ठरवून टाक. दुसरा म्हणतो, सोड, तिकडे गेलेली मुलगी परत येत नसते. जाण्याच्या आदल्या आठवड्यात तिनेच मधला मार्ग काढला. म्हणाली, "आत्ता शपथा नकोत. नाताळच्या सुट्टीपर्यंत नीट बोलत राहू. त्या सुट्टीत बसून ठरवू की पुढे जायचं की नाही. आणि तोपर्यंत रोज उठून 'आपलं काय' हा विषय काढायचा नाही." मला हे फार बरं वाटलं. नव्या ओळखीला मुदत दिली की त्या मुदतीपर्यंत ती मोकळेपणाने वाढू शकते, नाहीतर प्रत्येक फोन ही परीक्षा होऊन बसते.

पहिला प्रश्न घड्याळाचा होता. उन्हाळी वेळेत नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. हे ऐकायला काहीच नाही. अमेरिकेत मुलं असलेले लोक म्हणतात, तुमचं तर सोपं आहे. पण फवारणीच्या दिवसांत मी पाचला उठतो आणि साडेनऊला आडवा होतो. तिची मोकळी वेळ संध्याकाळी जेवणानंतर, म्हणजे आमच्याकडे मध्यरात्र. माझी सकाळ मोकळी, तेव्हा ती गाढ झोपलेली. दोघांची दिवसभरात जुळणारी एकच फट होती: आमचे रात्रीचे नऊ, तिचे संध्याकाळचे साडेपाच. ती वर्गातून सायकलवर घरी पोचायची आणि मी जेवून ओट्यावर येऊन बसायचो.

सप्टेंबर याच वेळेवर गेला. आम्ही रोज बोलायचो, आणि मला आता वाटतं की त्या रोजच्या बोलण्यानेच ते पातळ होत गेलं. जेवलास का, काय केलं आज, थंडी आहे का. ओळख जुनी असती तर अशा बोलण्यातही माया असते, कारण मागे वर्षांचा साठा असतो. आमच्याकडे साठा नव्हता. दिवसाचा हिशेब देऊन झाला की दोघंही गप्प, आणि गप्प बसायची सवय अजून झालेली नव्हती.

मग 29 ऑक्टोबर आला. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. फरक साडेचार तासांचा झाला, आमच्या नऊला तिचे साडेचार वाजू लागले आणि साडेचारला ती प्रयोगशाळेत. फोन दहावर गेला. इकडे ऑक्टोबर छाटणी झालेली, डोळे फुटून फूट वाढायला लागलेली, नको असलेली फेलफूट काढायला बायका लावलेल्या, आणि केवडा रोगाच्या भीतीने फवारणीचा धडाका. दहाला मला जागं राहवत नव्हतं. दोनतीनदा बोलता बोलता झोप लागली. तिला वाईट वाटलं नाही, पण ती पटकन फोन ठेवायला लागली, आणि ते मला जाणवलं.

त्या आठवड्यात आम्ही रोजचा फोन बंद केला. बुधवार आणि रविवार, एवढेच दोन दिवस ठरवले. बुधवारी रात्री दहा, अर्धाच तास. रविवारी दुपारी साडेतीन, तिचे सकाळचे अकरा, आणि त्या दिवशी वेळेचं बंधन नाही. बाकीच्या दिवशी बोलून पाठवायचं. मी सकाळी साडेसहाला बागेत चालताना तीनचार मिनिटं बोलून ठेवायचो. ती न्याहारी करताना ऐकायची आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत उत्तर द्यायची. लिहून फक्त कामापुरतं. याचं कारण अनुभवातून आलं. आमच्याकडे "ठीक आहे" एवढं लिहून पाठवणं हे साधं उत्तर असतं. तिला त्यात राग दिसायचा. जुन्या माणसाचं "ठीक आहे" कसं ऐकायचं ते आपल्याला ठाऊक असतं. नव्या माणसाचा आवाज कानात बसलेला नसतो, मग कोऱ्या शब्दांत आपण आपलीच भीती भरतो. आवाज पाठवला की हे होत नाही. तुमची मोटर चालू असते, कुत्रं भुंकतं, दम लागलेला कळतो.

दुसरी गोष्ट तिने सुचवली, आणि माझ्या मते आमचं नातं तिथे तगलं. ती म्हणाली, "मला एकच वेल दाखवत जा. दर रविवारी, त्याच जागेवरून." तिसऱ्या ओळीतली, खांबाजवळची वेल आम्ही ठरवली. मी दर रविवारी सकाळी फोटो काढायचो, दुपारच्या फोनवर त्यावर बोलायचो. पोंगा, मग पानं, मग घड दिसायला लागले, मग फुलोरा. ती पॅकहाउसमध्ये काम केलेली, म्हणजे तिने द्राक्ष काढणीनंतर पाहिलेलं. काढणीआधीचे चार महिने तिला नवे होते. एका काडीवर दोन घड आलेत तर कुठला ठेवायचा, विरळणी किती करायची, जीए या संजीवकात घड कधी बुडवायचे, हे ती विचारायची. मी सांगताना मलाच माझं काम नव्याने दिसायचं. उलट तिकडून ती चव ओळखायच्या तासांबद्दल सांगायची, एकाच पदार्थाचे नमुने आकडे लावून समोर ठेवतात आणि फरक कुठल्यात आहे ते ओळखायचं. एकदा मी आईकडून तीन वाट्यांत तीन तऱ्हेचं वरण करून घेतलं आणि फोनसमोर बसून तसं करून पाहिलं. आईने विचारलं, कोणाशी बोलतोस? मी म्हटलं, मैत्रीण आहे, हॉलंडला असते. घरी तिचं नाव निघण्याची ती सुरुवात.

वेल निवडण्यात एक गोष्ट आपोआप झाली. बोलायला पुढच्या रविवारची ओढ राहिली. घड किती फुगला, मणीगळ थांबली का. नवीन ओळखीत एकमेकांबद्दल बोलून बोलून पंधरा दिवसांत विषय संपतात. दोघांच्या बाहेरची, रोज थोडी बदलणारी एक गोष्ट मधे असली की तिच्यातून माणूसही दिसतो. मी पावसाने किती घाबरतो ते तिला वेलीमुळे कळलं.

26 नोव्हेंबरला रविवार होता. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात अवकाळी झाला, निफाडकडे गारा पडल्या, बागाच्या बागा झोडपल्या गेल्या. आमच्याकडे गारा नव्हत्या, पण पाऊस जोरदार. मणी ज्वारीएवढे झालेले, घडात पाणी साठलेलं. अशा वेळी केवडा घडावर येतो आणि हातातला हंगाम जातो. वेली हलवून पाणी झाडायचं, वाफसा येण्याची वाट न बघता फवारा, जमीन ओली म्हणून ट्रॅक्टर रुततो, तरी फवारा. साडेतीनचा फोन चुकला. रात्री मोबाइल बघितला तर तिचे सहासात मिस्ड कॉल असतील असं वाटलं होतं. एकही नव्हता. फक्त एक आवाजी निरोप होता: "बातम्या बघितल्या. फोन करू नकोस, उत्तर लिहीत बसू नकोस. बाग कशी आहे ते एका शब्दात सांग." मी लिहिलं, "उभी." पुढचे चार दिवस एवढंच चाललं. ती काहीतरी छोटंसं बोलायची, मी एक शब्द टाकायचो.

त्यातून आमचा नियम झाला. कामाने पिळून निघालेला दिवस असेल तर एकच ठरलेला शब्द पाठवायचा. माझा "फवारा", तिचा "लॅब". याचा अर्थ एवढाच, की मी जिवंत आहे, रागावलेलो नाही, आज बोलता येणार नाही. आणि ज्याच्यामुळे फोन चुकला त्यानेच पुढची वेळ सांगायची. हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. माझा एक मित्र, त्याची मैत्रीण कॅनडात. त्याला कळत नव्हतं की ती खरंच कामात आहे की दूर चाललीये. मी त्याला म्हटलं, फोन किती चुकतात ते मोजू नकोस. चुकल्यावर पुढची वेळ कोण सांगतं ते बघ. आणि मागच्या आठवड्यात तू सांगितलेलं काही ती आज पुढे विचारते का ते बघ. कामात बुडालेलं माणूसही विचारतं, "त्या मोटरचं काय झालं रे?" मन उठलेलं माणूस छान बोलतं, हसतं, पण मागचं काही विचारत नाही.

हेच मला डिसेंबरमध्ये तिच्याबद्दल दिसलं, म्हणून सांगतोय. ती वेळेवर फोन करायची, आनंदात बोलायची, पण वेलीबद्दल विचारणं थांबलं. मी फोटो पाठवायचो, ती "मस्त" म्हणायची. दोन रविवार वाट पाहिली आणि तिसऱ्या रविवारी सरळ म्हटलं, "तुझं काहीतरी बिनसलंय. माझ्याशी असेल तर सांग, दुसरं असेल तरी सांग." ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की तिकडे पावणेनऊपर्यंत उजाडत नाही आणि साडेचारला अंधार पडतो. दिवसभर प्रयोगशाळेत राहिलं की उजेड दिसतच नाही. परीक्षा लागोपाठ, कारण तिथे वर्षाच्या सहा तुकड्या असतात आणि प्रत्येकीच्या शेवटी परीक्षा. एका विषयात ती नापास झाली होती आणि पुन्हा बसणार होती. तिला मला हे सांगायचं नव्हतं, कारण मी आधीच पावसाने पिचलेलो. आणि मीही तिला सांगितलेलं नव्हतं की मणीगळ बरीच झाली आणि औषधांचं उधार वाढलंय. एकमेकांना जपायच्या नादात दोघांनी बोलण्यातला गाभाच काढून टाकला होता.

त्यानंतर बुधवारच्या फोनला एक काम दिलं. त्या अर्ध्या तासात आधी अवघड ते बोलायचं, मग बाकीचं. समोरच्याने उपाय सांगायचा नाही, विचारला तरच. मला हे जड गेलं, कारण शेतकऱ्याला अडचण ऐकली की औषध सुचतं. पण तिला पुन्हा परीक्षेला बसायचं वेळापत्रक माझ्याकडून नको होतं. तिला कोणीतरी मराठीत "अवघड आहे गं" म्हणावं एवढंच हवं होतं.

नाताळच्या सुट्टीत ठरल्याप्रमाणे बसलो. दोन रात्री लागल्या. आमच्यातला खरा प्रश्न प्रेमाचा नव्हता, जमिनीचा होता. मी एकुलता एक. बाग उचलून नेता येत नाही. तिचा कोर्स 2025 च्या उन्हाळ्यात संपतो, आणि नेदरलँड्समध्ये तिथल्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नोकरी शोधायला एका वर्षाचा परवाना मागता येतो. तिला तो घ्यायचा होता. दोन वर्षं तरी तिकडच्या अन्न कंपनीत काम करायचं होतं. मी विचारलं, "आणि नंतर?" ती म्हणाली, "नंतर नाशिक. पण तुझ्या ओट्यावर बसायला नाही. मला माझं काम हवं, प्रयोगशाळा हवी." मी म्हटलं, नाशिकला द्राक्ष, कांदा, वाइन, टोमॅटो सगळं आहे, कामाची कमी पडणार नाही, पण पगार तिकडच्यासारखा नसेल. ती म्हणाली, माहीत आहे. हे बोलणं पहिल्या महिन्यात केलं असतं तर मोडलं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं, कारण तेव्हा दोघांनाही गमावण्यासारखं फार काही नव्हतं. आणि घरी सांगितल्यावर केलं असतं तर आमच्याऐवजी घरंच बोलली असती. चार महिन्यांनी, घरच्यांच्या आधी, ही वेळ बरोबर होती.

जानेवारीत घरी सांगितलं. तिच्याकडे स्थळं यायला लागली होती, म्हणून तिकडे घाई. तिचे वडील एकटेच बाग बघायला आले. विहिरीला पाणी किती असतं, कर्ज किती आहे, हे विचारलं. मी खरं सांगितलं. जाताना ते म्हणाले, "मुलगी काय म्हणते ते महत्त्वाचं." आमच्या अण्णांनी एकच विचारलं, ती परत येणार का. मी सुट्टीत जे ठरलं ते सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही.

त्या वर्षी लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, कंटेनर उशिरा पोचत होते. मार्चमध्ये तिने तिथल्या दुकानातून भारतीय द्राक्षाचा डबा आणला आणि फोनवर उघडला. आमचाच माल असेल असं काही नाही. ती म्हणाली, "गोडी चांगली आहे, देठ सुकलेत." मला तिचं हे फार आवडतं, की लांब असूनही ती उगाच गोड बोलत नाही.

भेटायचं कधी हा प्रश्न दोघांच्या कामाने सोडवला. ऑक्टोबर ते मार्च मी हलू शकत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असतो, काडी पिकत असते, अण्णा आणि गडी सांभाळू शकतात. तिला तिकडे सुट्टी असते. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे आठवड्याला सोळाच तास काम करता येतं, किंवा मग जून, जुलै, ऑगस्टमध्ये पूर्ण वेळ. त्यासाठी मालकाला परवाना काढावा लागतो. ती जूनपासून पैसे साठवत होती, म्हणून माझं जाणं ऑगस्टच्या शेवटी ठरलं, तिचं काम संपता संपता.

व्हिसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण शेतकऱ्याच्या मुलांना कोणी सांगत नाही. शेंगेन व्हिसा 90 युरोचा, जून 2024 पासून. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, आणि किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. अडचण उत्पन्नाची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणात दाखवायला फारसं काही नसतं. पगाराची पावती नाही, मालकाचं रजापत्र नाही. आणि तरुण, अविवाहित माणूस मैत्रिणीला भेटायला चाललाय म्हटलं की हा परत येईल का अशी शंका येणारच. तिच्या हमीचा उपयोग नव्हता, विद्यार्थिनीचं उत्पन्न पुरत नाही. मी माझ्या नावाचा सातबारा, आठ-अ, निर्यातदाराकडून आलेल्या पैशांच्या पावत्या आणि त्या जमा झालेल्या बँकेचे सहा महिन्यांचे उतारे लावले. जे मराठीत होतं त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. आणि सोबत एक पानाचं पत्र: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी आहे, ती चुकली तर वर्ष जातं, म्हणून मी सप्टेंबरच्या मध्यात परत येणार. खरं कारण तेच होतं. ओळखीबद्दलही स्वच्छ लिहिलं. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. व्हिसा मिळाला.

भेटीतले पहिले दोन दिवस अवघड गेले. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. वर्षभर आवाज इतका जवळचा झालेला, आणि समोर माणूस आलं की लक्षात येतं, ही कशी चालते, किती भरभर जेवते, हे आपल्याला माहीतच नाही. मी फोनवर बोलतो तसं समोर बोलता येईना. ती कामावर जायची, मी तिच्या छोट्या स्वयंपाकघरात पिठलं करून ठेवायचो. तिसऱ्या दिवशी आम्ही राइनच्या काठाने सायकलवर गेलो, ती पुढे आणि मी मागे, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, आणि मग बोलणं सुटलं. पुढचे दिवस सरळ गेले. कोणाची अशी भेट व्हायची असेल तर पहिल्या दोन दिवसांत काही मोठं ठरवू नये, आणि परतीच्या आदल्या दिवशीही नाही.

आता पुन्हा छाटणी झाली आहे. तिचा प्रबंध सुरू आहे, त्यामुळे तिच्या वेळा माझ्यापेक्षा बेभरवशाच्या झाल्या आहेत. "लॅब" हा शब्द या महिन्यात जास्त येतो. अण्णांना लग्न पुढच्या उन्हाळ्यात, तिचा कोर्स संपला की हवंय. तिला परवान्याचं वर्ष आधी हवंय. मी मधे निरोप्या होणं थांबवलंय. येत्या रविवारी साडेतीनला ती स्वतः अण्णांशी बोलणार आहे. काय बोलणार ते मला सांगितलेलं नाही, मी विचारलंही नाही. अण्णांनी मात्र कालच विचारून ठेवलंय, तिकडे तेव्हा किती वाजलेले असतात.